रतीब, खाडा आणि सर्व्हर

मोबाइल ॲपचा जो भाग फोनवर नसतो, दूर कुठेतरी सतत चालू असलेल्या यंत्रावर असतो, त्याला बॅकएंड म्हणतात. फोनवरचे ॲप त्याला ठरलेल्या रीतीने निरोप धाडते. बॅकएंड डेटाबेसमध्ये काही पाहतो किंवा लिहितो आणि उत्तर परत देतो. कोणते निरोप चालतील, त्यांत काय असावे लागेल आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, याचा जो करार असतो त्याला एपीआय म्हणतात. ॲपचे रूप दर महिन्याला बदलता येते, पण हा करार एकदा लोकांच्या फोनवर पोचला की बदलणे जड जाते. म्हणून छोट्या ॲपमध्येही तो आधी कागदावर उतरवलेला बरा.

उदाहरणादाखल दुधाच्या रतिबाचे ॲप घेता येईल. दूधवाल्याकडे दीडशे घरे असतात. प्रत्येक घराचा रोजचा रतीब ठरलेला असतो: कुणाकडे अर्धा लिटर, कुणाकडे दोन. ग्राहक गावाला जाणार असला की खाडा सांगतो, आणि महिनाअखेरीला खाडे वजा करून बिल होते. या व्यवहारात खाती दोनच प्रकारची, ग्राहकाचे आणि दूधवाल्याचे. तरीही वापरकर्त्यांची खाती असलेल्या कोणत्याही ॲपमध्ये येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी यात भेटतात.

पहिला निर्णय असा, की नोंद कशाची ठेवायची. नवखा प्रोग्रामर रोज प्रत्येक घरासाठी ‘दूध दिले’ अशी एक ओळ डेटाबेसमध्ये लिहायला निघतो. दूधवाला स्वतः तसे कधी करत नाही. तो कॅलेंडरवर फक्त खाड्याच्या तारखेवर खूण करतो; खूण नाही म्हणजे दूध गेले. डेटाबेसमध्येही हीच पद्धत शहाणपणाची ठरते. चाळीस दूधवाल्यांची मिळून सहा हजार घरे आणि घरटी महिन्याला चार खाडे धरले, तर महिन्याच्या ओळी २४ हजार होतात. प्रत्येक ओळीला शंभर बाइट धरले तरी वर्षाची माहिती तीस एमबीच्या आत राहते. रोजची ओळ लिहिली असती तर महिन्याला १ लाख ८० हजार ओळी झाल्या असत्या, आणि एखाद्या रात्री ओळी तयार करणारा प्रोग्रॅम अडला असता तर दुसऱ्या दिवशी कुणालाच दूध नाही, असे ॲपने सांगितले असते.

नोंदी ठरल्या की त्यांना पत्ते द्यायचे. वेबच्या रूढ पद्धतीत प्रत्येक निरोपाला एक क्रियापद आणि एक पत्ता असतो. `GET` म्हणजे दाखव, `POST` म्हणजे नवीन तयार कर, `PUT` म्हणजे या पत्त्यावर हे ठेव, `DELETE` म्हणजे काढून टाक. रतिबाच्या ॲपचा गाभा एवढ्यात मावतो:

```
POST   /v1/signup
POST   /v1/login
POST   /v1/logout
GET    /v1/ratib
PUT    /v1/ratib/17/khada/2025-08-12
DELETE /v1/ratib/17/khada/2025-08-12
GET    /v1/ratib/17/bill/2025-08
GET    /v1/aajchi-yadi
```

यातली पाचवी ओळ निरखून पाहण्यासारखी आहे. खाडा ‘नवीन तयार’ करायचा असल्याने तिथे `POST` यायला हवा होता, असे वाटू शकते. पण ग्राहक एसटीत बसून खाडा टाकतो, रेंज जाते, निरोप सर्व्हरपर्यंत पोचतो आणि उत्तर मात्र परत येत नाही. ॲप तोच निरोप पुन्हा धाडते. `POST` असेल तर एका दिवसाचे दोन खाडे लागतात आणि दूधवाल्याचे पैसे बुडतात. `PUT`मध्ये तारीख पत्त्यातच आहे, त्यामुळे तोच निरोप दहादा आला तरी खाडा एकच राहतो. पत्त्यावर विसंबून न राहता डेटाबेसलाही हीच अट घालावी: रतीब क्रमांक आणि तारीख यांची जोडी एकदाच येऊ शकेल. प्रोग्रॅममध्ये चूक राहिली तरी डेटाबेस दुसरी ओळ घेत नाही.

सुरुवातीचा `/v1` उगाच नाही. ॲपची नवी आवृत्ती आली तरी कित्येक फोनवर जुनीच महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे उत्तरात नवे काही जोडता येते, पण आहे ते काढता किंवा त्याचा अर्थ बदलता येत नाही. तशी वेळ आलीच तर `/v2` उघडून दोन्ही काही काळ चालू ठेवावे लागतात.

बिलाचा पत्ता दिसायला साधा आहे, पण त्यामागे एक खाच आहे. समजा, एक लिटरचा रतीब, भाव ६४ रुपये, १६ ऑगस्टपासून ६६ रुपये. खाडे तीन: ५, ६ आणि २० तारखेचे. पहिल्या पंधरवड्यात १३ दिवसांचे ८३२ रुपये, पुढच्या सोळा दिवसांत १५ दिवसांचे ९९० रुपये, एकूण १,८२२. डेटाबेसमध्ये फक्त ‘सध्याचा भाव’ ठेवला असेल तर २८ दिवस गुणिले ६६ असे १,८४८ येतात, आणि ऑगस्टचे बिल सप्टेंबरात उघडले तर पुन्हा वेगळेच निघू शकते. म्हणून भाव बदलायचा नसतो. ‘अमुक तारखेपासून अमुक भाव’ अशी नवी ओळ जोडायची असते. रतिबाचे मापही तसेच ठेवावे. रक्कम पैशांत आणि दूध मिलिलिटरमध्ये, पूर्णांकात लिहिले की अपूर्णांकांचे घोळ मुळातच उरत नाहीत.

आता खात्यांकडे. पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा ठेवू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही २००९ साली रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले, ते सगळे उघडे लिहिलेले होते. पासवर्डवर हॅशची प्रक्रिया करून मिळालेली, उलट न फिरवता येणारी खूण ठेवायची असते. पण कोणताही हॅश चालत नाही. २०१२ साली लिंक्डइनच्या सुमारे ६५ लाख खुणा बाहेर आल्या, त्या एसएचए-१ पद्धतीच्या होत्या आणि प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा यादृच्छिक भाग, ज्याला सॉल्ट म्हणतात, तो त्यांत नव्हता. एसएचए-१ अतिशय वेगवान आहे, आणि चोराला हवा असतो तोच वेग: सेकंदाला कोट्यवधी अंदाज ताडून पाहता येतात. पासवर्डसाठी मुद्दाम संथ केलेल्या पद्धती वापरतात. १९९९मधली बीक्रिप्ट अजून चालते. २०१५ साली पासवर्ड-हॅशिंगच्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२ संगणकाची मेमरीही मुद्दाम अडवून धरते. तिच्या शिफारस केलेल्या किमान मापांपैकी एकात दर लॉगिनला १९ एमबी लागते. ५१२ एमबीच्या स्वस्त सर्व्हरवर एकाच वेळी वीस जणांनी लॉगिन केले की ३८० एमबी तिथेच अडकते. हा आकडा होस्टिंग निवडताना लागणार आहे.

लॉगिन झाल्यावर सर्व्हर ॲपला एक टोकन देतो, म्हणजे ३२ यादृच्छिक बाइटांची लांबलचक अक्षरमाळ. पुढच्या प्रत्येक निरोपासोबत ॲप ते दाखवते. डेटाबेसमध्ये टोकनचाही हॅशच ठेवावा. टोकन आधीच अंदाजापलीकडचे असल्याने इथे वेगवान हॅश पुरतो. बरीच ट्यूटोरियल्स याऐवजी जेडब्ल्यूटी नावाचे सहीबंद टोकन शिकवतात, जे डेटाबेस न पाहता तपासता येते. मोठ्या पसाऱ्यात ती सोय उपयोगी आहे. इथे मात्र फोन हरवलेल्या ग्राहकाला तत्काळ बाहेर काढायचे असते, आणि जेडब्ल्यूटी मुदत संपेपर्यंत चालतच राहते. थांबवायचे तर शेवटी डेटाबेस पाहावाच लागतो. साध्या टोकनची ओळ पुसली की काम झाले.

पासवर्ड विसरला तर काय, या प्रश्नावर छोटी ॲपे अडखळतात. एसएमएसने ओटीपी धाडणे सोपे वाटते, पण भारतात त्यासाठी ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी नोंदणी करून पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यावा लागतो, शिवाय दर संदेशाला पैसे पडतात. ईमेलवर अर्ध्या तासाची, एकदाच चालणारी लिंक पाठवणे स्वस्त पडते. पासवर्ड बदलला की त्या खात्याची सगळी जुनी टोकने रद्द करावीत. ‘हा ईमेल आमच्याकडे नाही’ असे उत्तर मात्र देऊ नये. खाते असो वा नसो, उत्तर एकच असावे. नाहीतर कोण ग्राहक आहे याची यादी बाहेरच्याला एकेक करून काढता येते.

यापुढचा मुद्दा सगळ्यात जास्त ॲपे बुडवतो. टोकन एवढेच सांगते की आलेला माणूस कोण आहे. तो जे मागतोय ते त्याचे आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. जोशींच्या रतिबाचा क्रमांक १७ आहे. त्यांनी लॉगिन करून पत्त्यातला १७ खोडला आणि १८ लिहिला, तर शेजाऱ्यांचे बिल दिसेल का? दिसता कामा नये. पण टोकन खरे आहे एवढे पाहून उत्तर देणारा सर्व्हर ते दाखवतो. ॲपमध्ये तसे बटण नाही, ही सबब चालत नाही, कारण निरोप ॲपशिवायही धाडता येतो. वेब-सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था एपीआयमधल्या धोक्यांची यादी काढते. २०१९च्या आणि २०२३च्या दोन्ही याद्यांत ही चूक पहिल्या क्रमांकावर आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीची घरखरेदीची सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे नेमकी अशीच, पत्त्यातला आकडा बदलून पाहता येत होती.

उपाय अवघड नाही, पण तो प्रत्येक पत्त्यावर करावा लागतो. रतीब आधी शोधायचा आणि मालक नंतर तपासायचा, अशा दोन पायऱ्या ठेवल्या की दुसरी कुठेतरी विसरते. त्याऐवजी मालकीची अट शोधातच घालावी:

```
SELECT id, ml FROM ratib
WHERE id = $1
  AND (grahak_id = $2 OR dudhwala_id = $2);
```

इथे `$2` टोकनवरून सर्व्हरने स्वतः ठरवलेला वापरकर्ता असतो, ॲपने कळवलेला नव्हे. ओळ सापडली नाही तर उत्तर `404`, म्हणजे ‘असे काही नाही’. `403`, म्हणजे ‘आहे, पण तुम्हाला नाही’, असे म्हटले तर १८ क्रमांकाचा रतीब अस्तित्वात आहे एवढे तरी कळते. हीच दक्षता नोंदणीतही लागते. नव्या खात्याच्या माहितीत कुणी गुपचूप `"role": "dudhwala"` असे जोडून धाडले, तर सर्व्हरने ते वाचूच नये. पडताळणी करायची तर दोन खाती उघडावीत आणि एकाच्या टोकनने दुसऱ्याचा प्रत्येक पत्ता मागून पाहावा. आठ पत्त्यांना अर्धा तास लागतो.

वेळेचा प्रश्न या व्यवहारात खास आहे. उद्याचा खाडा आज रात्री नऊपर्यंत कळवायचा, असा नियम असतो. नऊ वाजले हे कुणाच्या घड्याळात? फोनचे घड्याळ मागे करता येते, म्हणून सर्व्हरचेच मानायचे. मुदत उलटली तर `409` उत्तरासोबत कारण द्यावे. ते ॲपला ओळखता येईल अशा ठरीव शब्दात असावे, आणि त्यावरून ग्राहकाला दाखवायचे मराठी वाक्य ॲपने तयार करावे:

```
{"error": "cutoff_passed",
 "cutoff": "2025-08-11T21:00:00+05:30"}
```

आठ पंचावन्नला रेंज नसताना टाकलेला खाडा नऊ दहाला पोचला, तर तो नाकारलाच जाणार. इथे ॲपने प्रामाणिक राहावे: सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत ‘नोंदवला’ न म्हणता ‘अजून पोचलेला नाही’ असे दाखवावे, म्हणजे ग्राहक फोन तरी करेल.

याहून लबाड चूक तारखेची. बहुतेक सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. दूधवाला पहाटे पाचला ‘आजची यादी’ उघडतो, आणि त्याला कालची यादी मिळते. प्रोग्रामर दिवसा तपासतो तेव्हा सगळे ठीक असते, आणि तक्रारीत फक्त एवढेच येते की सकाळी यादी चुकते, नंतर आपोआप बरी होते. ‘आज’ काढताना पोस्टग्रेस डेटाबेसला भारतीय वेळ स्पष्ट सांगावी लागते:

```
SELECT (now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date;
```

एवढे झाले की हा प्रोग्रॅम कुठे चालवायचा, हे ठरवता येते. आधी भार मोजावा. सहा हजार ग्राहकांनी रात्री आठ ते नऊ या एकाच तासात ॲप उघडले आणि प्रत्येकाने तीन निरोप धाडले, तर १८ हजार निरोप होतात, म्हणजे सेकंदाला पाच. एवढे काम एक जीबी मेमरीचा लहानसा सर्व्हर सहज करतो. मोठ्या कंपन्यांच्या रचना पाहून चार-पाच सेवा एकत्र जोडण्याचा मोह इथे आवरावा. प्रत्येक सेवा बिघडण्याची एक नवी जागा असते.

जागा मुख्यतः तीन प्रकारच्या मिळतात. पहिला प्रकार तयार बॅकएंडचा, जसे फायरबेस किंवा सुपाबेस. लॉगिन, डेटाबेस, पासवर्ड बदलणे सगळे आयते मिळते. पण मालकीच्या अटी त्यांच्या नियमभाषेत लिहाव्या लागतात, आणि त्या सैल सोडल्या तर शेजाऱ्याचे बिल इथेही दिसते. दुसरा प्रकार रेंडर किंवा हेरोकूसारख्या सेवांचा: आपण प्रोग्रॅम द्यायचा, यंत्र, प्रमाणपत्र आणि सुरक्षेचे अपडेट त्यांनी सांभाळायचे. तिसरा प्रकार व्हीपीएस, म्हणजे भाड्याचे रिकामे यंत्र. एक जीबीचे साधारण पाच ते सात डॉलरना महिनाभर मिळते, मात्र त्यावरचे सगळे आपणच सांभाळायचे. एकट्या माणसाच्या पहिल्या ॲपला दुसरा प्रकार बहुधा बरा पडतो. व्हीपीएसमध्ये वाचलेले पैसे अपडेटच्या रात्रींत खर्ची पडतात.

फुकटाच्या योजनांचा हिशेब नीट पाहावा. हेरोकूने आपली फुकट योजना नोव्हेंबर २०२२मध्ये बंद केली. रेंडरच्या फुकट योजनेत पंधरा मिनिटे कुणी आले नाही की प्रोग्रॅम झोपतो आणि पुढचा निरोप आल्यावर उठायला मिनिटभर घेतो. रतिबाच्या ॲपमध्ये रात्रीनंतरचा पहिला निरोप असतो पहाटे यादी मागणाऱ्या दूधवाल्याचा, म्हणजे ज्याच्यावर ॲप चालते त्यालाच रोज ताटकळावे लागते. अशा सेवांवर आणखी एक फसगत होते: प्रोग्रॅम पुन्हा चढवला की त्याच्या डिस्कवरच्या फाइली पुसल्या जातात. एसक्यूलाइटसारखा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस तिथे ठेवला, तर नव्या आवृत्तीबरोबर सगळे खाडे जातात. कायमची डिस्क वेगळी घ्यावी, नाहीतर डेटाबेस वेगळ्या सेवेत ठेवावा.

यंत्र कोणत्या शहरात आहे, हेही पाहावे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे अंतर साधारण तेरा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १३० मिलिसेकंद. तारा सरळ नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या वर. एका निरोपाला हे चालून जाते. पण प्रोग्रॅम मुंबईत, डेटाबेस अमेरिकेत आणि एका यादीसाठी आठ क्वेरी, असे झाले की दीड सेकंदाहून जास्त नुसते वाट पाहण्यात जातात. म्हणून दोन्ही एकाच ठिकाणी हवेत, आणि ते ठिकाण शक्यतो भारतात असावे. अॅमेझॉनची मुंबईतली केंद्रे २०१६पासून आहेत, डिजिटलओशनचे बंगळुरूत आहे. ज्या सेवांना भारतात जागा नाही, त्यांपैकी सिंगापूर असलेली निवडावी.

पैसे भरण्याची गोष्टही निवडीतच येते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासूनच्या नियमांमुळे परदेशी सेवांची दरमहाची आपोआप कपात भारतीय कार्डांवर पुष्कळदा नाकारली जाते. बिल थकले की सेवा थांबते, आणि इशाऱ्याचा ईमेल कुणी न वाचलेल्या पेटीत पडलेला असतो. आगाऊ रक्कम भरता येते का, हे खाते उघडण्यापूर्वीच पाहावे.

उरतो बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने चुकून चालता डेटाबेस पुसला. तेव्हा कळले की `pg_dump`चा रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण आवृत्ती जुळत नव्हती. आणि अपयशाचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी काढलेली प्रत हाती लागली. होस्टिंगवाला बॅकअप घेतो म्हणाला, तरी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे असावी, कारण खातेच बंद झाले तर दोन्ही एकदम जातात. महिन्यातून एकदा ती प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवावी, मागच्या महिन्याची चार-पाच बिले तिच्यावरून काढावीत आणि दूधवाल्याने वसूल केलेल्या रकमांशी ताडावीत. रकमा जुळल्या तर ती प्रत खरी. तीस एमबीच्या डेटाबेसला हे काम काही मिनिटांचे असते.